रजेच्या पानाचा फोटो आणि साहेबांना लिहिलेला अर्ज

जपानमध्ये दहा किंवा त्याहून जास्त माणसं कामाला असतील त्या प्रत्येक ठिकाणी एक फाइल असावीच लागते. तिला ‘शूग्यो किसोकु’ म्हणतात, म्हणजे कंपनीची नियमावली. कामाची वेळ, पगाराची तारीख, ओव्हरटाइमचा हिशेब, रजा, कामावरून काढण्याची कारणं, सगळं तीत कलमवार लिहिलेलं असतं. ही नियमावली सरकारच्या श्रम निरीक्षण कार्यालयात जमा करावी लागते आणि कामगाराला कधीही पाहता येईल अशी ठेवावी लागते. कुठे ती भिंतीवर टांगतात, कुठे कपाटात ठेवतात, कुठे कंपनीच्या संगणकावर. म्हणजे रजेचा नियम कुणी लपवून ठेवलेला नसतो. तो समोरच असतो, फक्त जपानीत.

आपल्याकडून तिथे गेलेली मुलं रजेच्या वेळी साधारण एकच गोष्ट करतात. त्या पानाचा मोबाइलवर फोटो काढतात आणि खोलीवर येऊन शब्दकोशाच्या मदतीनं किंवा जपानी वाचणाऱ्या मित्राच्या मदतीनं तो लावायला बसतात. हे चांगलंच आहे. पण फोटो काढण्यापूर्वी एक काळजी घ्यायला हवी. नियमावली वाचण्याचा हक्क कायद्यानं दिलेला असला, तरी कारखान्यात कॅमेरा वापरायला बऱ्याच ठिकाणी बंदी असते. म्हणून ‘सोमु’ला, म्हणजे प्रशासन विभागाला, आधी विचारावं. रजेचं पान हवं म्हटल्यावर अनेकदा तेच झेरॉक्स काढून देतात.

फोटोत काय काय आलं पाहिजे, हेही ठरवून घ्यावं. नुसतं रजेचं कलम पुरत नाही. कलमाचा मजकूर पुढच्या पानावर गेला असेल तर तेही पान हवं, कारण अपवाद बहुधा शेवटी असतात. फाइलच्या मागे जोडलेला तक्ता हवा. तिथे ‘बेप्प्यो’ असं लिहिलेलं असतं आणि दिवसांचे आकडे त्यातच असतात. शेवटच्या पानावर नियम कधीपासून लागू झाले ती तारीख असते, तिचाही फोटो घ्यावा. ती जपानी सनात लिहिलेली असते. रेइवा ७ म्हणजे २०२५. २०१९ च्या आधीची तारीख दिसली तर सावध व्हावं. त्या वर्षीच्या एप्रिलपासून रजेच्या कायद्यात मोठा बदल झाला आहे आणि त्याबद्दल पुढे येणारच आहे.

आता एक प्रसंग घेऊन पाहू. समजा नाशिकचा एक तरुण आइची प्रांतातल्या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात काम करतो. तो १ एप्रिल २०२४ ला रुजू झाला. बहिणीचं लग्न गुरुवारी, २७ नोव्हेंबर २०२५ ला आहे आणि हळद आदल्या दिवशी. भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्यानं पाहिलं. रविवारी, २३ तारखेला, जपानची श्रमदिनाची सुट्टी येते आणि ती रविवारी आल्यानं सोमवारीही सुट्टी. म्हणजे शनिवारी विमानात बसायचं, मंगळवार ते शुक्रवार चार दिवस रजा टाकायची आणि रविवारी परत यायचं. इथवर सगळं सोपं वाटतं. पान वाचायला घेतल्यावर मात्र या हिशेबातल्या बऱ्याच गोष्टी बदलतात.

पहिला प्रश्न, ही रजा कोणत्या खात्यातली? पानावर दोन वेगळी कलमं असतात. एक वार्षिक पगारी रजेचं. तिचं पूर्ण नाव ‘नेंजी युक्यू क्युका’, कारखान्यात बोलताना नुसतं ‘युक्यू’. दुसरं ‘केइचो क्युका’चं, म्हणजे घरातल्या शुभ-अशुभ प्रसंगांसाठी वेगळी दिलेली रजा. लग्न आहे म्हणून आपलं मन लगेच दुसऱ्या कलमाकडे धावतं. पण त्या यादीत काय आहे ते नीट पाहावं. सरकारनं नमुना म्हणून छापलेल्या नियमावलीत स्वतःचं लग्न, पत्नीचं बाळंतपण आणि जवळच्या नातेवाइकांचा मृत्यू एवढेच प्रसंग आहेत. भावंडाचं लग्न त्यात नाही. काही कंपन्या त्यासाठी एखादा दिवस देतात, पण तो त्यांच्या मर्जीचा भाग, कारण ही खास रजा द्यायला कायद्यानं कुणी बांधलेलं नाही. ती पगारी असेल की बिनपगारी, हेही कंपनीच ठरवते. आणि यादीत बहीण-भाऊ असले तरी ते सख्खेच. आपण चुलत आणि मामेबहिणीलाही बहीणच म्हणतो. अर्जात नुसतं ‘बहीण’ लिहिलं आणि नंतर कागदपत्रं मागितली गेली तर अडचण होते. आपल्या तरुणाच्या पानावर भावंडाचं लग्न नाही, म्हणून त्याला वार्षिक रजाच घ्यायची आहे.

दुसरा प्रश्न शिल्लक किती, हा. श्रममानक कायद्याच्या ३९ व्या कलमानं किमान दिवस ठरवून दिले आहेत आणि पूर्णवेळ कामगाराला ते कंपनी कमी करू शकत नाही. सहा महिने पूर्ण झाले आणि ठरलेल्या कामाच्या दिवसांपैकी ८० टक्के हजेरी असली की १० दिवस. त्यानंतर एक वर्षानं ११, पुढच्या वर्षी १२, मग १४, १६, १८ आणि साडेसहा वर्षांनंतर २०. न वापरलेली रजा दोन वर्षांनी बाद होते. कामगार परदेशी आहे म्हणून यात काही फरक करता येत नाही, असं त्याच कायद्याचं तिसरं कलम सांगतं.

आपल्या तरुणाला १ ऑक्टोबर २०२४ ला १० दिवस मिळाले. त्यातले ४ त्यानं आजारपणात आणि सरकारी कामांत वापरले. म्हणजे सहा उरायला हवेत, पण उरलेत तीनच. कारण पानावर आणखी एक तरतूद आहे, ठरवून दिलेल्या रजेची. कामगारांच्या प्रतिनिधीबरोबर लेखी करार करून कंपनी पाचाच्या वरचे दिवस स्वतः ठरवू शकते. बऱ्याच कारखान्यांत ऑगस्टमधल्या ओबोन सणाला यंत्रं बंद ठेवतात तेव्हा त्यातले काही दिवस याच खात्यातून कापले जातात. सणाची सुट्टी मिळाली म्हणून माणूस खूश असतो आणि तीन दिवस रजेतून गेलेले असतात. १ ऑक्टोबर २०२५ ला त्याला नवे ११ दिवस मिळाले, म्हणजे एकूण १४. येत्या उन्हाळ्यात पुन्हा तीन जातील, म्हणून त्याच्या हातात खरे दिवस अकरा. पगाराच्या पावतीवर शिल्लक रजा छापलेली असते ती अशीच ताडून पाहावी.

तिसऱ्या प्रश्नावर बरेच जण अडतात आणि त्याचं उत्तर फोटोतल्या पानावर नसतंच. तो प्रश्न म्हणजे कामाचा दिवस कोणता. नियमात लिहिलेलं असतं की सुट्ट्या ‘कंपनीच्या दिनदर्शिकेप्रमाणे’. आइची हा टोयोटाचा प्रांत. टोयोटा आणि तिला माल पुरवणारे कारखाने राष्ट्रीय सुट्ट्यांपैकी बऱ्याच दिवशी चालू असतात. त्या सुट्ट्या साठवून मे, ऑगस्ट आणि नववर्षाला सलग दिल्या जातात. असेंब्लीची साखळी एका दिवसासाठी थांबवणं आणि पुन्हा सुरू करणं खर्चाचं पडतं, म्हणून ही पद्धत. तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल दिसणारा सोमवार, २४ नोव्हेंबर, या कारखान्यात कामाचा दिवस आहे. चार दिवसांची रजा पाच दिवसांची झाली.

एका दिवसानं काय मोठं बिघडतं, असं वाटेल. बिघडतं ते असं. रजेच्या कलमात अर्जाची मुदत दिलेली असते. या पानावर ती अशी आहे: रजा हवी असलेल्यानं आदल्या दिवसापर्यंत ठरलेल्या नमुन्यात कळवावं, परंतु सलग पाच दिवस किंवा त्याहून जास्त रजा हवी असल्यास एक महिना आधी. हे ‘परंतु’ जपानीत ‘तादाशी’ या शब्दानं सुरू होतं आणि बऱ्याचदा नेमकं पानाच्या तळाशी किंवा पुढच्या पानावर असतं. घाईत काढलेल्या फोटोतून ते सुटतं. पाचाच्या आकड्यापुढे ‘इजो’ असेल तर पाच धरून, ‘कोएरु’ असेल तर पाच सोडून, म्हणजे सहापासून पुढे. इथे ‘इजो’ आहे. चार दिवस असते तर आदल्या दिवशी कळवूनही नियमात बसलं असतं. पाच झाल्यावर शेवटची तारीख २४ ऑक्टोबर. ती चुकली आणि माणूस तरीही गेला, तर कंपनी ते दिवस ‘केक्किन’, म्हणजे गैरहजेरी, म्हणून लावू शकते. त्यात पगार कापला जातो, अनेक ठिकाणी बोनसवर परिणाम होतो, आणि पुढच्या वर्षीच्या ८० टक्के हजेरीच्या हिशेबातही ते दिवस वजा होतात.

मुदत पाळली की साहेब नाही म्हणू शकतात का? कायद्याचं उत्तर आपल्या सवयीपेक्षा वेगळं आहे. आपल्याकडे रजा मंजूर होते. जपानी कायद्यात वार्षिक रजा मंजूर करावी लागत नाही. कामगारानं दिवस सांगितले की ती लागू होते. जपानच्या सर्वोच्च न्यायालयानं मार्च १९७३ मध्ये शिराइशी इथल्या वनखात्याच्या कार्यालयाच्या खटल्यात हे स्पष्ट केलं. रजेचं काय करायचं हा कामगाराचा प्रश्न, मालकाचा नव्हे, हेही त्याच निकालात आहे. मालकाकडे एकच अधिकार उरतो. त्या दिवशी रजा दिल्यानं कामाची नेहमीची घडी विस्कटणार असेल तर तो तारीख बदलायला सांगू शकतो. रजा रद्द मात्र करू शकत नाही.

हे वाचून काही जण अर्जाला नुसती सूचना समजतात आणि तिथे त्यांची गाडी रुळावरून घसरते. १९८० च्या उन्हाळ्यात जिजी या वृत्तसंस्थेच्या एका वार्ताहरानं सुमारे महिनाभराची सलग रजा मागितली. संस्थेनं दोन-दोन आठवड्यांच्या दोन भागांत घ्यायला सांगितलं. तो ऐकला नाही आणि गेला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात पोचलं आणि १९९२ मध्ये न्यायालयानं संस्थेची बाजू उचलून धरली. रजा जितकी लांब तितकी तिची आधी बोलणी व्हायला हवीत, आणि ती न करता माणूस लांब रजा टाकत असेल तर तारीख बदलण्याबाबत मालकाला जास्त मोकळीक राहील, असं न्यायालयाचं म्हणणं होतं. भारतात यायचं म्हणजे दोन-तीन दिवसांत भागत नाही. म्हणून आपल्या माणसांसाठी सगळ्या कायद्यात हा निकाल मला सर्वांत कामाचा वाटतो. फॉर्म भरण्याच्या आधी तोंडी बोलणं झालंच पाहिजे, आणि तेही तिकीट काढण्याच्या आधी.

तर हा तरुण ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आपल्या विभागप्रमुखांना भेटतो. त्यांना तिथे ‘काचो’ म्हणतात आणि हाक मारतानाही बहुधा पदानंच मारतात. त्या बोलण्यात दोन गोष्टी ठरतात. त्याच्या जागी यंत्रावर कोण उभं राहणार, आणि त्या आठवड्यात दिवसपाळी आहे की रात्रपाळी. रात्रपाळी असेल तर आणखी एक पेच असतो. शुक्रवारी रात्री सुरू झालेली पाळी शनिवारी सकाळी संपते आणि शनिवारी दुपारचं विमान गाठताना धावपळ होते. सुदैवानं त्याची दिवसपाळी आहे.

मग फॉर्म. तो छोटा असतो: तारीख, विभाग, नाव, कधीपासून कधीपर्यंत, किती दिवस, कारण, रजेतला संपर्क, आणि वर शिक्क्यांसाठी चौकोन. कारणाच्या रकान्यात बहुतेक जपानी कामगार ‘खासगी कामासाठी’ एवढंच लिहितात आणि तेवढं पुरतं. पण सलग पाच दिवसांच्या रजेत मी कारण लिहावं असं म्हणेन. कायदा ते मागत नाही. पण साहेबांना तारीख बदलायला सांगायची की नाही हे ठरवायचं असतं, आणि लग्नाची तारीख हलत नाही हे त्यांना कळलं तर त्यांचा निर्णय सोपा होतो. फॉर्मबरोबर काचोंना एक पत्र द्यावं. ते मराठीत आणलं तर असं दिसेल:

दिनांक : १५ ऑक्टोबर २०२५

मा. विभागप्रमुख, उत्पादन विभाग २ यांस

विषय : वार्षिक पगारी रजेबाबत, २४ ते २८ नोव्हेंबर

माझ्या सख्ख्या बहिणीचं लग्न २७ नोव्हेंबर रोजी भारतात, नाशिक येथे आहे. या महिन्याच्या सुरुवातीला आपल्याशी बोलल्याप्रमाणे सोमवार, २४ नोव्हेंबर ते शुक्रवार, २८ नोव्हेंबर, असे कंपनीच्या दिनदर्शिकेनुसार कामाचे पाच दिवस मी वार्षिक पगारी रजा घेऊ इच्छितो. शनिवारी, २२ तारखेला निघून रविवारी, ३० तारखेला परत येईन आणि सोमवारी, १ डिसेंबरला सकाळच्या पाळीला हजर होईन.

माझी शिल्लक रजा आजच्या तारखेला १४ दिवस आहे. नियमावलीप्रमाणे सलग पाच दिवसांच्या रजेसाठी एक महिना आधी कळवायचं असतं, त्यानुसार हा अर्ज देत आहे.

माझ्या यंत्राचं काम त्या आठवड्यात कोण पाहील हे आपण ठरवल्यानुसार त्यांना १७ तारखेपासून रोज अर्धा तास दाखवेन आणि तपासणीचा तक्ता २१ तारखेला त्यांच्याकडे सोपवेन. रजेच्या काळात फोन चालू राहील. भारतातला वेळ जपानपेक्षा साडेतीन तास मागे आहे.

या तारखांमुळे कामात अडचण येणार असेल तर कृपया या आठवड्याअखेर कळवावं. लग्नाची तारीख बदलता येणार नाही. मात्र २४ तारखेबाबत मी बोलू शकतो.

आपला,
(नाव, कर्मचारी क्रमांक)

आपल्याकडच्या अर्जाची सुरुवात ‘सविनय विनंती’नं होते आणि मध्ये घरच्या परिस्थितीचं वर्णन येतं. इथे त्याची गरज नाही. या पत्रातलं प्रत्येक वाक्य नियमावलीतल्या एखाद्या कलमाला उत्तर देतं. ‘वार्षिक पगारी रजा’ हे नाव घातलं की ती खास रजा किंवा गैरहजेरी म्हणून नोंदली जात नाही. ‘कंपनीच्या दिनदर्शिकेनुसार’ म्हटल्यानं सोमवारचा घोळ मिटतो. मुदतीचा उल्लेख केल्यावर उशिराचं कारण कुणी काढू शकत नाही. यंत्र कोण पाहील हे लिहिल्यामुळे घडी विस्कटते असं म्हणायला जागा कमी राहते. आणि शेवटच्या परिच्छेदातला सोमवार महत्त्वाचा आहे. तडजोड कुठे होऊ शकते हे आपणच सांगितलं की बोलणं तिथेच होतं, २७ तारखेवर येत नाही. चोवीसचा दिवस कंपनीला खरंच नको असेल तर तो त्या दिवशी कामावर येऊन रात्री निघू शकतो. मंगळवारी पोचला तरी हळद बुधवारी आहे.

नियम पाळून केलेल्या अर्जाला आणखी एक आधार आहे, तो पत्रात लिहायचा नाही पण माहीत असावा. एप्रिल २०१९ पासून, ज्यांना वर्षाला दहा किंवा जास्त दिवस मिळतात त्या प्रत्येक कामगारानं वर्षातून किमान पाच दिवस रजा घेतली आहे हे पाहणं कंपनीवर बंधनकारक झालं. नाही पाहिलं तर प्रत्येक कामगारामागे तीन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. कामाच्या ओझ्याखाली लोक रजाच घेत नाहीत, म्हणून सरकारला हे करावं लागलं. १ ऑक्टोबरपासून सुरू झालेल्या वर्षातली या तरुणाची पाच दिवसांची जबाबदारी या एका लग्नानं पूर्ण होते. सोमु विभागाला हे चांगलं ठाऊक असतं आणि म्हणूनच पुष्कळदा काचो कुरकुरले तरी सोमुतून हिरवा कंदील मिळतो.

उत्तर तारीख बदलण्याचं आलं तर दोन गोष्टी विचाराव्यात. कामात नेमकी कोणती अडचण येते, आणि दुसरी कोणती तारीख देता. नुसतं ‘माणसं कमी आहेत’ हे कारण कायम असेल तर तारीख बदलण्यासाठी ते सहसा पुरेसं धरलं जात नाही. बदली माणसाची व्यवस्था करून पाहणं हेही मालकाचंच काम मानलं जातं. ‘आमच्याकडे परदेशी मुलांना पहिल्या दोन वर्षांत रजा नाही’ असं कुणी म्हणालं तर मात्र ते तारीख बदलणं राहत नाही, ते सरळ नाकारणं झालं. अशा वेळी नियमावलीच्या पानाचा फोटो, अर्जाची प्रत आणि मिळालेलं उत्तर घेऊन जवळच्या श्रम निरीक्षण कार्यालयात जाता येतं. त्यांच्या दूरध्वनी सल्ल्याची सोय इंग्रजी आणि नेपाळीसह अनेक परदेशी भाषांत आहे. तिथे पहिला प्रश्न बहुधा हाच विचारला जातो की अर्ज कोणत्या तारखेला दिला आणि त्याची प्रत आहे का. म्हणून फॉर्मवर शिक्का पडला की त्याचा फोटो काढून ठेवावा, आणि विमानाचं तिकीट त्यानंतर काढावं.